२९५ पिक्सेल रुंदीचा तिरका फोटो: बिटमॅपमधल्या पॅडिंगचे एक प्रकरण

## पार्श्वभूमी

तालुक्याच्या गावातले एक छोटे दुकान. शाळा-कॉलेजांची ओळखपत्रे, मगवर फोटो, ट्रॉफीवर नावे अशी कामे तिथे चालतात. कार्ड छापणारे सॉफ्टवेअर जुने आहे आणि फोटो फक्त २४ बिटच्या, कॉम्प्रेस न केलेल्या बीएमपी फाइलमध्येच घेते. दुकानदार काकांचा भाचा डिप्लोमाला होता तेव्हा त्याने सी भाषेत एक लहानसा प्रोग्राम लिहून दिला होता. त्यात दोन कामे होती. एक, रंगीत फोटो काळापांढरा करणे, कारण काही शाळा खर्च वाचवायला एकरंगी रिबनवर कार्डे छापून घेतात. दुसरे, फोटो डावा-उजवा उलटवणे. मगवर चित्र उतरवताना ते कागदावर आरशातल्यासारखे उलटे छापावे लागते, आणि काकांच्या मगच्या साच्यात नाव आधीच उलटे बसवलेले असल्याने फोटो तेवढा वेगळा उलटवून घ्यावा लागे.

प्रोग्राम दोन वर्षे विनातक्रार चालला. सगळे फोटो ३०० × ४०० पिक्सेलचे असत. या आकड्यामुळेच प्रोग्राम बरोबर वाटत होता, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आले नाही.

## अडचण

जूनमध्ये एका नव्या शाळेचे काम आले. त्यांच्या कार्डावर फोटोची चौकट २५ × ३२ मिलिमीटर होती. ३०० डीपीआयला ते २९५ × ३७८ पिक्सेल होतात. काकांनी त्या मापाने फोटो कापले, काळेपांढरे केले आणि कार्डे छापून दिली. शाळा खूश.

महिनाभराने त्याच शाळेने निरोप समारंभासाठी काही मग मागवले. तेच फोटो, तोच प्रोग्राम, फक्त उलटवायचे काम. बाहेर आलेला फोटो पाहून काका म्हणाले, "कुणी ओढून फाडल्यासारखा दिसतोय."

मी पाहिला. अगदी खालची ओळ ठीक होती. तिथून वर जावे तसा फोटो डावीकडे सरकत गेला होता आणि डाव्या कडेतून बाहेर पडलेला भाग उजवीकडून परत आत आला होता. सोबत एक बारीक काळी रेघ तिरपी चढत होती. तीही डाव्या कडेला संपून उजवीकडून पुन्हा सुरू व्हायची, आणि वरपर्यंत पोचेतो तिचे अडीच फेरे झाले होते. रंग मात्र सगळे जागच्या जागी. गणवेश निळा, भिंत पिवळसर, कातडीचा रंगही बरोबर.

भाच्याचे पहिले म्हणणे या रंगांवरूनच होते. "दादा, बाइट इकडचे तिकडे झाले असते तर रंग आधी बिघडले असते. उलटवायच्या लूपमध्येच काहीतरी चुकलंय." बोलणे तर्काला धरून होते. पण त्यावर विश्वास ठेवल्यामुळे आमची एक अख्खी संध्याकाळ त्या लूपमध्ये गेली, आणि लूप तर बरोबर होता.

## फाइलमध्ये नेमके काय होते

दुसऱ्या दिवशी कोड बाजूला ठेवून फाइलच उघडली. साध्या २४ बिटच्या बीएमपीमध्ये आधी १४ बाइटचे फाइल हेडर असते, मग बहुतेक वेळा ४० बाइटचे माहितीचे हेडर, म्हणजे पिक्सेल ५४व्या बाइटपासून सुरू होतात. दर पिक्सेलला तीन बाइट, क्रम निळा-हिरवा-लाल. पहिली साठवलेली ओळ ही चित्रातली सर्वांत खालची ओळ असते.

२९५ पिक्सेलच्या ओळीला ८८५ बाइट लागतात. ५४ मध्ये ८८५ मिळवले की ९३९. तिथे दुसरी ओळ सुरू व्हायला हवी, म्हणून त्याच्या सहा बाइट आधीपासून पाहिले:

```
$ xxd -s 933 -l 12 -c 12 -g 1 foto.bmp
000003a5: 6b 3a 2e 6c 3b 2f 00 00 00 6a 39 2d  k:.l;/...j9-
```

पहिले सहा बाइट म्हणजे खालच्या ओळीतले शेवटचे दोन पिक्सेल, दोन्ही गणवेशाच्या निळ्यातले. शेवटचे तीन म्हणजे पुढच्या ओळीचा पहिला पिक्सेल, तोही निळाच. मधली तीन शून्ये चित्रात कुठेच नाहीत. ते पॅडिंग. या फाइलच्या नियमाप्रमाणे दर ओळीची लांबी चारच्या पटीत असावी लागते. ८८५ ला चारने भागले तर एक उरतो, म्हणून तीन बाइट घालून ती ८८८ केली जाते. ३०० पिक्सेलच्या ओळीचे ९०० बाइट होतात, त्याला चारने पूर्ण भाग जातो, पॅडिंग शून्य. दोन वर्षे प्रोग्राम का चालला याचे उत्तर एवढेच.

आता भाच्याचा मूळ कोड पाहू:

```c
px = malloc(w * h * 3);
fseek(in, off, SEEK_SET);
fread(px, 1, w * h * 3, in);
```

पुढे (x, y) चा पिक्सेल `px + (y * w + x) * 3` इथे शोधला जाई. प्रोग्रामच्या हिशेबात ओळ ८८५ बाइटची, फाइलमध्ये ८८८ ची. फरक तीन बाइटचा, आणि तीन बाइट म्हणजे बरोबर एक पिक्सेल! म्हणून रंग बिघडत नव्हते. दर ओळीमागे प्रोग्राम एक पिक्सेल मागे पडत होता, पण निळा-हिरवा-लाल ही जुळणी शाबूत राहत होती. उलटवण्यात ही घसरण दुप्पट होत होती, कारण ओळ एक पिक्सेल आधी सुरू झाली असे धरले की तिचा आरसाही तेवढाच दुसरीकडे सरकतो. फोटो दर ओळीला दोन पिक्सेल सरकला तो त्यामुळे. आणि ती काळी रेघ म्हणजे पॅडिंगची शून्ये, काळा पिक्सेल समजून चित्रात ओढली गेलेली.

## मग काळापांढरा फोटो कसा बरोबर आला?

मला या प्रकरणातला हा भाग सर्वांत उपयोगी वाटतो. काळापांढरा करतानाही वाचणे तेच, चुकीचे. तरी कार्डे नीट छापली गेली.

कारण असे. त्या कामात पिक्सेल जागचा हलत नाही. तीन बाइट घ्यायचे, त्यांची सरासरी तिथेच तीनदा लिहायची. ८८८ बाइटच्या ओळीत बरोबर २९६ त्रिकुटे बसतात: २९५ पिक्सेलची आणि एक पॅडिंगचे. पॅडिंगच्या त्रिकुटाची सरासरी शून्य, तिथे पुन्हा शून्यच लिहिले गेले. प्रोग्रामला ओळ कुठे संपते ते ठाऊक नव्हते, पण त्या कामाला ते ठाऊक असण्याची गरजच पडली नाही.

मात्र चूक अगदीच अदृश्य नव्हती. २९५ × ३७८ × ३ म्हणजे ३,३४,५३० बाइट वाचले आणि तेवढेच लिहिले. फाइलमध्ये पिक्सेलचे बाइट होते ८८८ × ३७८, म्हणजे ३,३५,६६४. शेवटचे १,१३४ बाइट गळाले. फाइल खालून वर साठवलेली, म्हणून गळालेला भाग चित्राच्या माथ्याचा: सर्वांत वरची ओळ पूर्ण, आणि तिच्या खालच्या ओळीतले उजवीकडचे ८१ पिक्सेल. काकांच्या संगणकावर ती जागा काळी दिसत होती, पण एवढी बारीक की कुणी पाहिलीच नाही. ३०० डीपीआयला एक ओळ मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही पातळ असते.

## पर्याय

मगची मागणी तीन दिवसांवर होती. आमच्यासमोर तीन वाटा होत्या.

पहिली काकांनीच सुचवली. फोटो २९६ पिक्सेल रुंद कापायचे, २९६ × ३ = ८८८, प्रश्नच मिटला. मगसाठी आम्ही त्या रात्री हेच केले, आणि घाईच्या कामाला ते योग्यच होते. कायमचा उपाय म्हणून मला ते नको होते. दुकानात फोटो कापायला दरवर्षी नवा मुलगा येतो. "रुंदी चारच्या पटीत ठेव" ही चिठ्ठी मॉनिटरवर किती दिवस टिकेल?

दुसरी वाट तयार लायब्ररीची. `stb_image.h` आणि `stb_image_write.h` या दोन फाइली सोबत घेतल्या की वाचणे-लिहिणे दोन्ही होते, पॅडिंग त्या आपापले सांभाळतात. मी जवळजवळ हेच ठरवले होते. करून पाहिले तर फोटो सरळ आला, पण कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये भलत्याच मापाचा बसला. ते सॉफ्टवेअर बीएमपीच्या हेडरमधले रेझोल्यूशन वाचून मिलिमीटर ठरवते. मूळ फाइलमध्ये तिथे ११८११ होते, म्हणजे दर मीटरला ११,८११ पिक्सेल, म्हणजेच ३०० डीपीआय. लायब्ररीने लिहिलेल्या हेडरमध्ये त्या जागी शून्य. सामान्य कामात याने काही अडत नाही, आमचे मात्र अडत होते.

तिसरी वाट म्हणजे आपलाच कोड दुरुस्त करणे. ती निवडली.

## केलेली दुरुस्ती, आधी चुकलेली

भाच्याने पहिली दुरुस्ती अशी केली: ओळीओळीने वाचायचे, आणि दर ओळीनंतर `fseek` करून तीन बाइट ओलांडायचे. वाचणे बरोबर झाले. लिहिताना मात्र ओळी सलग लिहिल्या. फोटो पुन्हा तिरका, या वेळी दर ओळीला एकच पिक्सेल, म्हणजे बरोबर ४५ अंशांत, आणि काळी रेघ गायब. तो म्हणाला, "दादा, अर्धा सुटला." खरेच अर्धा सुटला होता. दर ओळीला दोन पिक्सेल आणि काळी रेघ दिसली तर वाचणे-लिहिणे दोन्ही चुकले. एक पिक्सेल आणि रेघ नाही, म्हणजे फक्त लिहिणे चुकले. चित्र पाहून चूक कुठल्या बाजूला आहे ते इतके थेट कळते हे मलाही त्या दिवशी उमगले.

लिहिताना तीन शून्ये घातली की काम झाले असते. पण इथे मी थांबवले. वाचताना पॅडिंग काढायचे आणि लिहिताना परत घालायचे म्हणजे एकच हिशेब दोन ठिकाणी ठेवायचा, आणि एक ठिकाण विसरले की काय होते ते आत्ताच पाहिले होते. त्यापेक्षा पॅडिंग काढायचेच कशाला? आख्खी फाइल जशी आहे तशी मेमरीत घ्यायची, फक्त पिक्सेलना हात लावायचा, आणि आख्खी परत लिहायची. हेडर आपोआप जसेच्या तसे राहते, रेझोल्यूशनसकट.

फाइल `rb` ने उघडून `buf` मध्ये घेतली, लांबी `len`. हेडरमधले आकडे स्ट्रक्चरने न वाचता बाइट जोडून वाचले, कारण `BM` नंतरचा चार बाइटचा आकडा चारच्या सीमेवर बसवायला कंपायलर स्ट्रक्चरमध्ये स्वतःचे दोन बाइट घुसवतो, आणि एका पॅडिंगशी भांडताना दुसरे पॅडिंग अंगावर घ्यायची हौस नव्हती.

```c
uint32_t u32(const unsigned char *p)
{
    return p[0] | p[1] << 8 | p[2] << 16 | (uint32_t)p[3] << 24;
}
```

```c
size_t  off = u32(buf + 10);
int32_t w   = (int32_t)u32(buf + 18);
int32_t h   = (int32_t)u32(buf + 22);
if (h < 0) h = -h;
size_t stride = ((size_t)w * 3 + 3) / 4 * 4;
```

`stride` म्हणजे फाइलमधली ओळीची खरी लांबी. २९५ साठी ८८८. उंची ऋण असू शकते. तसे असेल तर ओळी वरून खाली साठवलेल्या असतात. आपल्या दोन्ही कामांना ओळींचा क्रम लागत नाही, म्हणून फक्त चिन्ह काढले. पिक्सेल कुठून सुरू होतात ते ५४ न धरता १०व्या बाइटवरून वाचले, कारण काही सॉफ्टवेअर १२४ बाइटचे मोठे हेडर लिहिते आणि तिथे पिक्सेल १३८ पासून सुरू होतात.

```c
for (int32_t y = 0; y < h; y++) {
    unsigned char *row = buf + off + (size_t)y * stride;
    for (int32_t a = 0, b = w - 1; a < b; a++, b--) {
        unsigned char t[3];
        memcpy(t, row + 3 * a, 3);
        memcpy(row + 3 * a, row + 3 * b, 3);
        memcpy(row + 3 * b, t, 3);
    }
}
```

ओळीवरून ओळीवर जाताना `stride`, ओळीच्या आत फिरताना `w`. सगळी दुरुस्ती या दोन आकड्यांची गल्लत न करण्यात आहे. याआधी प्रोग्राम तपासतो की २८व्या बाइटवर २४ आहे, ३०व्या बाइटवर शून्य आहे म्हणजे कॉम्प्रेशन नाही, रुंदी शून्याहून मोठी आहे, आणि `off + stride * h` हे `len` पेक्षा जास्त नाही. यातले काही बिघडले तर तो फाइल नाकारतो.

भाच्याने मध्येच एक शोध लावला: "२४ बिटला पॅडिंग म्हणजे सरळ `w % 4`. करून बघा." बरोबर आहे. २९५ ला चारने भागून उरतात तीन, आणि पॅडिंगही तीन. मला ते आवडले, पण कोडमध्ये घेऊ दिले नाही. ८ बिटच्या फाइलला हाच आडाखा लावला तर २९५ साठी तीन येतील, हवा असतो एक.

## परिणाम

तपासणी अशी केली की फोटो दोनदा उलटवायचा आणि मूळ फाइलशी ताडून पाहायचा:

```
$ ./ulat foto.bmp a.bmp && ./ulat a.bmp b.bmp
$ cmp foto.bmp b.bmp
```

`cmp` काहीच बोलला नाही, म्हणजे एकही बाइट वेगळा नाही. फक्त एवढ्यावर समाधान मानले नाही, कारण जुना प्रोग्रामही हीच परीक्षा बहुतांशी पास झाला असता: चुकीच्या जागी दोनदा उलटवले तरी बाइट मूळ जागी येतातच. त्यात फाइल १,१३४ बाइटने कमी भरली असती, तेवढाच सुगावा. म्हणून २९७, २९८ आणि २९९ रुंदीचे फोटो डोळ्यांनीही पाहिले.

गंमत म्हणून तेच फोटो जुन्या प्रोग्रामलाही दिले. २९७ ला पॅडिंग एक बाइटचे, म्हणजे त्रिकुटच मोडते, आणि रंगांचा असा शिमगा झाला की भाचा गप्पच झाला. काळ्यापांढऱ्या कामातही तिथे कडांना रंगीत झालर येत होती. शाळेने २९५ ऐवजी २९७ रुंदीचा फोटो मागितला असता तर चूक पहिल्याच दिवशी पकडली गेली असती.

मग वेळेत गेले. आधी दिलेल्या कार्डांचे काय, हा प्रश्न उरला होता. भिंगाखाली पाहिले तर माथ्यावर ती काळी रेघ होती, पण चौकटीच्या काळ्या कडेत मिसळून गेलेली. काकांनी शाळेला फोन करून सांगितले, पुन्हा छापून देण्याची तयारीही दाखवली. शाळेने नको म्हटले.

## वेगळे काय करता आले असते

उलटवायच्या लूपवर घालवलेली संध्याकाळ वाचली असती, जर आधी फाइलचा आकार पाहिला असता. हेडरच्या दुसऱ्या बाइटपासून फाइलची लांबी लिहिलेली असते, आमच्या फोटोत ३,३५,७१८. बाहेर आलेली फाइल ३,३४,५८४ ची होती. फरक १,१३४, म्हणजे ३७८ ओळी गुणिले तीन. या गुणाकाराकडे एकदा पाहिले असते तर दर ओळीला तीन बाइट हरवताहेत हे कागदावरच कळले असते.

दुसरे, चाचणीचे चित्र. भाच्याने प्रोग्राम लिहिला तेव्हा हाताशी होता तोच ३०० रुंदीचा फोटो वापरला. त्याऐवजी ३ × २ पिक्सेलचे चित्र बनवायला हवे होते. ओळ ९ बाइट, पॅडिंग ३, आख्खी फाइल ७८ बाइटची. ती `xxd` च्या पाच ओळींत मावते आणि कुठला बाइट कुठे गेला ते बोट ठेवून सांगता येते. आता प्रोग्रामसोबत एक ते आठ रुंदीची अशी आठ चित्रे ठेवली आहेत.

तिसऱ्या बाबतीत माझे आणि भाच्याचे अजून जमत नाही. त्याला ८ बिटच्या फाइलीही चालवायच्या आहेत. त्यात पिक्सेलच्या जागी रंगतक्त्यातला क्रमांक असतो. उलटवणे सोपे, पण काळेपांढरे करायचे तर तक्ताच बदलावा लागतो. मी म्हणतो, काकांकडे अशी फाइल अजून आलेली नाही आणि आली तर प्रोग्राम ती नाकारतोच. तो म्हणतो, ३०० सोडून दुसरी रुंदीही दोन वर्षे आली नव्हती.